मृत्युपत्र नसता सावत्र आई व सावत्र मुले यांचा वारसाहक्क

खातेदार मृत्युपत्र न करता वारला आणि घरात दोन बायकांची मुले असली, की वारस-नोंदीच्या वेळी बहुधा तंटा उपस्थित होतो. ‘सावत्र’ या एकाच शब्दाने आपण निरनिराळी नाती ओळखतो. कायदा मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारतो: मयत इसमाशी या व्यक्तीचे नाते काय? हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे याचे उत्तर कसे निघते, ते एका उदाहरणाने पाहू. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना तो सामान्यतः लागू नाही, आणि मुसलमान व ख्रिस्ती यांचे नियम वेगळे आहेत.

समजा, एका शेतकऱ्याने स्वकष्टाने १२ एकर जमीन खरेदी केली. पहिली पत्नी वारली; तिची एक मुलगी व एक मुलगा आहे. पुढे त्याने एका विधवेशी विवाह केला. तिने पहिल्या घरचा एक मुलगा सोबत आणला, आणि या घरी तिला आणखी एक मुलगा झाला. शेतकऱ्याचे आईवडील हयात नाहीत.

शेतकरी वारल्यावर पहिल्या वर्गाचे वारस चार ठरतात: पहिल्या पत्नीची मुलगी व मुलगा, दुसरी पत्नी आणि तिचा या घरचा मुलगा. प्रत्येकास ३ एकर मिळतात. मुलांना ती सावत्र आई असली, तरी मयताची ती विधवा आहे. म्हणून तिचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तो केवळ पोटगीपुरता नसून पूर्ण मालकीचा आहे. तिने सोबत आणलेला मुलगा मात्र मयताच्या रक्ताचा नाही. त्याला विधिपूर्वक दत्तक घेतले नसेल, तर कितीही वर्षे त्याने त्या शेतात राबणूक केली असली तरी त्याला वारस म्हणून हिस्सा मिळत नाही.

काही वर्षांनी सावत्र आईही मृत्युपत्र न करता वारली. तिच्या ३ एकरांचे काय? येथेच पुष्कळांची चूक होते. ही जमीन आमच्या वडिलांची, तेव्हा ती आम्हां सर्वांत वाटली पाहिजे, असे पहिल्या पत्नीची मुले म्हणतात. परंतु स्त्रीच्या मिळकतीस प्रथम तिची स्वतःची मुले व पती हे वारस असतात, आणि सावत्र मुले ‘तिची मुले’ या शब्दांत येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली असाच निर्णय दिला आहे. म्हणून ते ३ एकर तिच्या दोन्ही मुलांकडे, प्रत्येकी दीड एकर, जातात. सावत्र बापाकडून ज्यास काही मिळाले नाही, त्या मुलास आईच्या द्वारे दीड एकर मिळते. अखेर मुलगी ३, थोरला मुलगा ३, या घरचा धाकटा साडेचार व सोबत आलेला दीड एकर, असा हिशेब होतो.

सावत्र आईस स्वतःचे मूल वा नातवंड नसते, तर मात्र तीच जमीन पतीच्या वारसांकडे, म्हणजे सावत्र मुलांकडे आली असती. उलटपक्षी, सावत्र मुलगा आधी वारला, तर ती त्याची ‘आई’ म्हणून वारस होत नाही. ‘वडिलांची विधवा’ म्हणून तिचा क्रम फार मागे, भाऊबहिणींच्याही नंतर लागतो.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. जमीन वडिलोपार्जित असल्यास प्रथम मयताचा हिस्सा काढावा लागतो, व २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीही जन्मतः सहहिस्सेदार आहेत. तेव्हा वरील हिशेब जसाच्या तसा लावू नये. तसेच पहिली पत्नी हयात असता व घटस्फोट झालेला नसता दुसरा विवाह झाला असेल, तर दुसऱ्या पत्नीस विधवेचा हिस्सा मिळत नाही. तिच्या मुलांस मात्र पित्याच्या मिळकतीत हिस्सा मिळतो.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र देऊन वारसाची वर्दी द्यावी. मुलगी सासरी गेली किंवा आई सावत्र आहे, म्हणून नाव गाळू नये. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवस असतात. नोंद प्रमाणित झाल्यावर सातबारा उताऱ्यावर सर्व नावे आली की नाहीत, आणि विधवेचे नाव मालकाच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्कां’त तर गेले नाही ना, हे पडताळून पाहावे. कोणास हिस्सा सोडावयाचा असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्रच करावे. तोंडी संमतीवर नाव कमी करू नये. फेरफाराने मालकी ठरत नाही. नाव गळाले तरी हक्क बुडत नाही. परंतु तो सिद्ध करण्यास मग दिवाणी न्यायालयात जावे लागते.