स्ट्रेच नेटचा गळा लाटा का मारतो?

वाशिमहून बोलतेय. मागच्या लग्नसराईत एका नवरीच्या ब्लाउजला मी स्ट्रेच नेटचा बोट नेक शिवला. कागदावर पुढचा गळा ११ इंच होता, शिवल्यावर टेप लावला तर १२! गळा अंगापासून सुटून लाटा मारत होता. लग्न दोन दिवसांवर, सगळं उसवलं.

चूक कुठे झाली? मशीनचा पाय वरून दाबतो, खालचे दात कापड पुढे ओढतात. त्यात स्ट्रेच नेट ताणलं जातं आणि टाका त्याला तसंच ताणलेलं धरून ठेवतो.

मग न ताणणाऱ्या साध्या नेटची तीन सूत रुंद पट्टी कापली, बरोबर ११ इंच. ती आतून ठेवली, गळा तिच्या मापात बसवून टाचण्या लावल्या आणि खाली वर्तमानपत्र घेऊन, बारीक झिगझॅगने शिवलं. सुई बॉल पॉइंट, ११ नंबर. नंतर कागद फाडून काढला. ब्लाउजला मागे हुक होते, म्हणून हे चाललं. डोक्यातून घालायच्या टॉपला पट्टी नको, पारदर्शक इलॅस्टिक लावा.

आता खांद्याची शिलाई. नेटमधून मार्जिन दिसतं ना? चार सूत मार्जिन ठेवा. उलट्या बाजू आमनेसामने ठेवून दोन सुतांवर शिवा, मार्जिन एक सूत उरेल एवढं कापा. मग कापड पलटून पुन्हा दोन सुतांवर शिवा. कडा आत बंद! मुंढ्याच्या गोलाईत मात्र ही शिलाई जाड होते, तिथे टाळा.

शिवून झालं की टेप लावाच. माप जुळलं, तरच हुक लावायला घ्या.