वीस टक्के आणि पाव टक्क्याहून कमी

कृत्रिम बुद्धिमत्ता २१०० सालापर्यंत मानवजातीचा घात करेल का, यावर अभ्यासू माणसांनी आठ आठवडे निवांत वाद घातला, तर त्यांची मतं थोडी तरी जवळ यावीत अशी आपली अपेक्षा असते. ‘फोरकास्टिंग रिसर्च इन्स्टिट्यूट’ या अमेरिकी संस्थेनं २०२३ मध्ये हे करून पाहिलं. एका बाजूला धोक्याची भीती वाटणारे अकरा जण, दुसऱ्या बाजूला अकरा साशंक. साशंकांमध्ये बहुतेक सुपरफोरकास्टर होते, म्हणजे राजकारण आणि अर्थकारणाविषयी केलेली भाकितं वर्षानुवर्षं अचूक ठरल्यामुळे निवडले गेलेले लोक. घात म्हणजे काय हेही आधीच ठरवलं होतं: मानवजात नष्ट होणं, किंवा पुन्हा कधीच सावरता येणार नाही इतकी कोसळणं.

शेवटी भीती वाटणाऱ्यांचा मध्यम अंदाज वीस टक्क्यांवर होता, तर साशंकांचा ०.१२ टक्क्यांवर. दोन्ही गटांनी एकमेकांचं म्हणणं नीट ऐकलं होतं, तरीही दरी जवळजवळ तशीच राहिली.

असं का झालं? दोघे वेगळ्या ठिकाणाहून निघतात. साशंकाची सुरुवात इतिहासापासून होते. नवं तंत्रज्ञान जगाचा अंत करील असं आजवर अनेकदा वाटलं, पण तसं झालं नाही. शिवाय आठ अब्ज माणसांतला एकही गट कुठल्याही बेटावर उरू नये, इतका सर्वनाश घडवणं भयंकर अवघड आहे. त्यामुळे असा दावा करणाऱ्यानं प्रत्येक पायरी सिद्ध करावी, असं त्याचं म्हणणं. भीती वाटणाऱ्याला हा इतिहास इथे लागूच होत नाही असं वाटतं. आपल्यापेक्षा हुशार, स्वतःहून काम करणारी आणि नेमकं काय शिकली हे बनवणाऱ्यालाही न कळणारी यंत्रणा आपण पूर्वी कधी बनवलीच नव्हती. त्याच्या मते सुरक्षित असल्याचा पुरावा बनवणाऱ्यानं द्यायला हवा.

अलीकडच्या एका प्रयोगावरून हा फरक स्पष्ट दिसतो. २०२५ मध्ये पॅलिसेड रिसर्च या गटानं ओपनएआयच्या ‘ओ-३’ मॉडेलला एकापाठोपाठ एक गणितं सोडवायला दिली आणि मध्येच संगणक बंद होणार असल्याची सूचना दिली. बंद होऊ द्यावं असं स्पष्ट सांगितलेलं असूनही शंभरपैकी सात वेळा मॉडेलनं बंद करणारी संगणकीय आज्ञावलीच बिघडवली. भीती वाटणाऱ्यांना यात त्यांचा जुना सिद्धांत दिसला: काम पूर्ण करण्याचं बक्षीस देऊन शिकवलं, की वाटेतला अडथळा दूर करणंही आपोआप शिकलं जातं, आणि बंद होणं हा अडथळाच असतो. पुढे गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी याच मांडणीत सूचना आणखी नेमक्या केल्या: बंद होण्याचा आदेश गणितापेक्षा वरचढ आहे, असं स्पष्ट लिहिलं. तेव्हा हा विरोध थांबला. म्हणजे मॉडेलला जगण्याची हाव नव्हती, दोन आज्ञांत प्राधान्य कशाला द्यायचं याचा गोंधळ होता. मला हे दुसरं स्पष्टीकरण पटतं. पण त्यानं पहिल्या बाजूची काळजी पूर्णपणे मिटत नाही, कारण प्रत्यक्ष वापरात प्रत्येक आज्ञा इतकी काटेकोर लिहिलेली नसते.

मग कोणाचं ऐकावं? याआधी, २०२२ मध्ये, याच संस्थेनं भरवलेल्या मोठ्या स्पर्धेत एक प्रश्न होता: २०२५ पर्यंत एखादी यंत्रणा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदकाची पातळी गाठेल का? सुपरफोरकास्टरांनी २.३ टक्के शक्यता दिली, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाणकारांनी ८.६ टक्के. जुलै २०२५ मध्ये ओपनएआय आणि गूगल डीपमाइंड, दोघांच्याही मॉडेलांनी ती पातळी गाठली. वेगाच्या बाबतीत सुपरफोरकास्टर चुकले, आणि जाणकारही फारसे बरोबर नव्हते. पण यावरून सर्वनाशाचा अंदाज खरा ठरत नाही. नंतरच्या तपासणीत असंही दिसलं, की नजीकच्या काळाविषयीची अचूकता आणि दूरच्या धोक्याविषयीचं मत यांचा संबंध लागत नाही. गणित सोडवण्यापासून सगळ्या माणसांचा शेवट होईपर्यंतच्या साखळीत कितीतरी कड्या आहेत, आणि त्या साखळीचा पुरावा भीती वाटणाऱ्यांकडे अजून दुबळाच आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा वेगळाच आहे. मुदत हजार वर्षांची केली आणि घाताच्या व्याख्येत माणसांच्या सुस्थितीची मोठी घसरणही धरली, तर साशंक तीस टक्क्यांवर गेले आणि दुसरा गट चाळीस टक्क्यांवर होता. म्हणजे बऱ्याच साशंकांना यंत्रं निरुपद्रवी वाटत नाहीत, हे सगळं सावकाश घडेल आणि सावरायला वेळ मिळेल असं वाटतं. दोघांच्या मतभेदाचं खरं ठिकाण हा वेळ आहे.

त्या आठ आठवड्यांत दोन्ही गटांना मत बदलायला लावील असा एक प्रश्न पुढे आला. २०३० पर्यंत एखाद्या स्वतंत्र परीक्षक संस्थेला अशी यंत्रणा आढळेल का, जी स्वतःच्या प्रती करू शकते, पैसे आणि संगणक मिळवू शकते आणि बंद करण्याचे प्रयत्न चुकवू शकते? आढळली तर साशंक आपला आकडा वाढवायला तयार आहेत, नाही आढळली तर दुसरा गट उतरवायला. त्यातून दरीचा थोडाच भाग भरेल, हे दोघांनाही मान्य आहे. पण कंपन्यांनी आपली मॉडेलं अशा परीक्षकांपुढे उघडली नाहीत, तर २०३० मध्येही याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही.