शरीराच्या खुणा, लेखांक ६ : तापानंतर नखांवर उमटणारी आडवी खाच

मोठा ताप येऊन गेला, माणूस हिंडू-फिरू लागला, की महिना-दीड महिन्याने त्याच्या नखांवर एक आडवी खाच दिसू लागते. ती एकाच बोटाला नसते. दोन्ही हातांच्या बहुतेक सगळ्या नखांवर, मुळापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर ती उमटते आणि अंगठ्यावर सर्वांत ठळक असते. बोट फिरवले तर नजरेआधी स्पर्शालाच कळते. जोसेफ बो या फ्रेंच वैद्याने १८४६ साली तिचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात या खाचांना ‘बोच्या रेषा’ म्हणतात.

नख घडते ते दिसणाऱ्या भागात नव्हे. नखाच्या मुळाशी कातडीची जी घडी असते, तिच्या आत नख तयार करणारा पेशींचा थर असतो. अंगठ्याच्या नखावरची पांढरट चंद्रकोर हे त्याच थराचे बाहेरून दिसणारे टोक. इथल्या पेशी सतत विभागतात, केरॅटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, मरतात आणि टणक होऊन पुढे ढकलल्या जातात. विभाजन अखंड चालू असल्यामुळेच हा थर नाजूक असतो. तीव्र तापात किंवा मोठ्या आजारात शरीरावर ताण आला की हे विभाजन मंदावते, काही काळ थांबतेही. तेवढ्या दिवसांत घडलेले नख पातळ राहते. ताप उतरल्यावर काम पूर्ववत होते आणि मागून पुन्हा पूर्ण जाडीचे नख येते. मधली पातळ पट्टी म्हणजे खाच.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे उसावरून पटकन समजेल. पाण्याचा ताण बसला त्या काळातले कांडे आखूड राहते. पुढे कितीही पाणी दिले तरी ते लांबत नाही, वरची कांडी मात्र नेहमीसारखी येतात.

खाच उशिरा दिसते, कारण घडलेला भाग कातडीखालून बाहेर यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तोवर रुग्ण आजार विसरलेला असतो. त्यामुळे नखे पाहून नवाच रोग लागल्याची भीती वाटते, आणि खरे कारण जुळवायचे कोणाला सुचत नाही.

२०२१च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र करोनाची दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात रुग्णसंख्या चढीच होती. करोनानंतरही अशा खाचा पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. समजा, कोल्हापुरात एखाद्याला १५ जूनच्या सुमारास जोराचा ताप आला. पाच आठवडे धरले तर २० जुलैच्या आसपास, म्हणजे पंचगंगेला महापूर आला त्याच सुमारास, खाच कातडीतून डोकावली असेल. हाताचे नख दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर वाढते. १० सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीला खाच मुळापासून पाच मिलिमीटर पुढे आणि ४ नोव्हेंबरच्या दिवाळीला सुमारे साडेदहा मिलिमीटरवर, म्हणजे टोकाजवळ असेल. त्यानंतर ती नखासोबत कापली जाते.

हाच हिशेब उलटाही करता येतो. खाच मुळापासून चार मिलिमीटरवर असेल, तर ती बाहेर येऊन सुमारे चाळीस दिवस झाले. त्यात आतले पाच आठवडे मिळवले की आजार अंदाजे अडीच महिन्यांपूर्वीचा ठरतो. वय, बोट आणि प्रकृती यांनुसार वेग बदलतो, म्हणून हा अंदाज आठवड्यांचा असतो, तारखेचा नव्हे. खाचेची रुंदी साधारणपणे आजार किती दिवस चालला ते सांगते, तर खोली त्या थराला बसलेला धक्का किती तीव्र होता ते. काम पूर्णच थांबले असेल तर नख मुळाशी सुटते आणि खालून नवे येताना गळून पडते. हात-पाय-तोंडाच्या विषाणूजन्य आजारानंतर लहान मुलांत असे होते, आणि पालक घाबरतात. नख बहुधा पुन्हा नीट येते.

नख मृत केरॅटिनचे असल्याने खाच भरून निघत नाही. ती फक्त पुढे सरकते. म्हणून तेल, मलम किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ती बुजत नाही. खाचेपाशी नख कमकुवत असते, तेव्हा ते आखूड ठेवावे आणि कपड्यात अडकू देऊ नये, इतके पुरे.

खाच एकाच नखावर असेल तर बहुधा त्या बोटाला मार लागलेला असतो किंवा मुळाशी सूज असते. वर्षे लोटतील तशा दिसू लागणाऱ्या उभ्या रेघा वेगळ्या, त्यांचा तापाशी संबंध नाही. एकामागून एक अनेक आडव्या खाचा केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीनंतरही पडतात. मात्र आजार किंवा औषध असे कारण नसताना सगळ्या नखांवर खाचा पुन्हा पुन्हा येत असतील, किंवा तीन महिन्यांत खाच पुढे सरकलीच नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. हाताची नखे साधारण सहा महिन्यांत स्वच्छ होतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष लागते.