शिफारशीमागचं कमिशन

एप्रिलात नागपूरकर ‘कोणता कूलर घ्यावा?’ हा लेख वाचून त्यातल्या लिंकवरून १०,००० रुपयांचा कूलर घेतो. कमिशन ५ टक्के धरलं, तर शिफारस करणाऱ्याला ५०० रुपये. ग्राहकाला सहसा किंमत तीच पडते, मग कमिशनचं सांगायचं कशाला, असा आक्षेप येतो. पण गल्लीतल्या दुकानातल्या पत्र्याच्या कूलरला लिंकच नसते, त्यामुळे तो यादीतूनच गळतो. केंद्राच्या २० जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार आर्थिक संबंध ठळकपणे, शिफारशीच्याच भाषेत सांगावा लागतो. हॅशटॅगांच्या गर्दीत दडवून चालत नाही. शिवाय नुसतं ‘कमिशन मिळतं’ लिहून भागत नाही, वस्तू शिफारस करणाऱ्याने प्रत्यक्ष वापरलेली असावी लागते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.