बाई नसतानाची बारा मिनिटं

दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी असते. माझ्याकडे तिसरी-चौथी आहे. तिसरीत तेरा मुलं, चौथीत नऊ, खोली एकच. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे आहेत आणि मुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात. ही बैठक साधी वाटते, पण तिसरीला शिकवताना चौथीची नजर माझ्या फळ्यावर जात नाही, एवढ्यानेच अर्धं काम होतं.

सुरुवातीची काही वर्षं मी टाचण उलटं काढत होते. तिसरीला काय शिकवायचं, चौथीला काय शिकवायचं ते लिहायचं आणि उरलेल्या वेळेपुढे ‘सराव’ हा एकच शब्द. तासिका मोडायची ती नेमकी तिथेच. चौथ्या मिनिटाला ‘बाई, झालं!’ सुरू व्हायचं, मग टेबलापाशी रांग लागायची, आणि तिसरीचा धागा तुटायचा. आता मी आधी लिहिते ते माझ्याशिवाय बसलेल्या वर्गाचं काम. शिकवण्याचा भाग त्यानंतर.

जूनमध्ये दोन्ही गणिताची पुस्तकं शेजारी ठेवून घटक जुळवून घेते. तिसरीचा गुणाकार आणि चौथीचा भागाकार एकाच आठवड्यात आले, तर सुरुवात एकत्र करता येते. पुस्तकातला क्रम थोडा मागेपुढे होतो, पण आधी यायला हवा तो घटक सुटत नाही ना, एवढं पाहायचं.

अशा आठवड्यातली चाळीस मिनिटांची एक तासिका सांगते. पहिली पाच मिनिटं सगळे एकत्र. जमिनीवर चिंचोक्यांच्या सहा-सहाच्या चार ओळी मांडायच्या. तिसरीला विचारायचं, एकूण किती? मग आणखी दोन चिंचोके टाकून चौथीला विचारायचं, हे सव्वीस चौघांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती, उरतात किती?

पुढची बारा मिनिटं मी तिसरीकडे असते. नवा भाग असतो १४ × ३. चौकटीच्या वहीत चौदा घरं रुंद आणि तीन घरं उंच असा आयत काढायचा, दहाव्या घरानंतर उभी रेघ मारायची. एका बाजूला तीस घरं, दुसऱ्या बाजूला बारा, मिळून बेचाळीस. त्या वेळात चौथी कालच शिकलेला भागाकार करते. नवं काही एकट्याने करायला द्यायचं नाही, हा नियम मी मोडत नाही. वर्गातल्या मधल्या मुलाला एका उदाहरणाला दोन मिनिटं लागतात, म्हणून सहाच उदाहरणं. हुशार मुलाच्या वेगाने मोजलं तर अर्धी मुलं मागे राहतात. लवकर होणाऱ्यांसाठी रेघेखाली आणखी दोन असतात. उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला माझ्याकडे यायचं नाही. ७५ भागिले ४, भागाकार १८, बाकी ३. आता १८ गुणिले ४, त्यात ३ मिळवले की ७५ परत यायला हवेत. नाही आले तर शेजाऱ्याबरोबर बसून चूक शोधायची.

मग तीन मिनिटांची फेरी. हीच सगळ्यात सहज गळते आणि गळली की महागात पडते. तिसरी आता एकटी बसणार, म्हणून प्रत्येकाच्या वहीतला पहिला आयत फक्त बघायचा. तो चुकला असेल तर पुढची बारा मिनिटं मूल तीच चूक गिरवत बसतं. त्यानंतरची बारा मिनिटं चौथीचा नवा भाग, मग पाच मिनिटं दोन्ही वर्गांच्या वह्या तपासणं आणि शेवटची तीन टाचणाच्या समासात नोंद करायला.

हे रोज जमत नाही. भागाकाराची मांडणी पहिल्यांदा शिकवायची असेल त्या दिवशी चौथीला सलग पंचवीस मिनिटं लागतात. तेव्हा तिसरीला गणित द्यायचंच नाही, भाषेचं लेखन द्यायचं. म्हणून आठवड्याचं नियोजन करताना दोन्ही वर्गांचे अवघड भाग एका दिवशी येऊ देत नाही. दोघांपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकाच्या अंगावर येतात. त्या दिवशी नवं काही शिकवायचं नाही, असं मी आता सरळ ठरवून टाकलं आहे.

त्या दिवशी समासात दोन नोंदी होत्या. चौथीतली तीन मुलं बाकी मिळवायला विसरतात. आणि तिसरीतल्या एका मुलीने रेघ दहावर न मारता सातावर मारली होती. दोन्हीकडे एकवीस-एकवीस, बेरीज बेचाळीस. दुसऱ्या दिवशीच्या सामूहिक पाच मिनिटांत तिचीच वही दोन्ही वर्गांसमोर उघडली. चौथीतला एकजण म्हणाला, ‘बाई, मग बेचाळीस तिघांत वाटताना पण असंच तोडता येईल!’