नारिंगी फुलपाखराची ओळख मागच्या पंखावर

नारिंगी पंख, पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा. महाराष्ट्रात माळरानावर, शेताच्या बांधावर किंवा सोसायटीच्या बागेत काढलेल्या फोटोंमध्ये असं फुलपाखरू हमखास सापडतं. बहुतेक जण त्याला 'प्लेन टायगर' म्हणून मोकळे होतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण अगदी हाच पेहराव केलेलं दुसरं एक फुलपाखरू आपल्याकडे आहे. ते म्हणजे 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी. आकारही जवळपास सारखाच, पंख पसरल्यावर सात-आठ सेंटीमीटर. या दोघांना फोटोवरून वेगळं करायला शिकलं की कुठल्याही फुलपाखराचा फोटो कसा वाचायचा हे आपोआप कळतं.

सुरुवात पंखांपासून न करता डोक्यापासून करावी. डोक्यावरच्या दोन मिशांना शास्त्रीय मराठीत शृंगिका म्हणतात. फुलपाखराच्या मिशा बारीक, सरळ असतात आणि टोकाला आगपेटीच्या काडीसारखा फुगवटा असतो. पतंगाच्या मिशांना सहसा हा फुगवटा नसतो. त्या टोकाकडे निमुळत्या होत जातात किंवा त्यांना दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटलेले असतात. दिवसा उडतो तो फुलपाखरू आणि रात्री उडतो तो पतंग, या समजावर विसंबू नये. सह्याद्रीत आढळणारा 'ब्लू टायगर मॉथ' हा निळा, ठिपकेदार पतंग भरदिवसा उडतो आणि पाहणाऱ्याला हटकून फुलपाखरू वाटतो. फोटो मोठा करून मिशांची टोकं पाहिली की शंका फिटते. आपल्या नारिंगी फोटोत टोकाला फुगवटा दिसतो, म्हणजे हे फुलपाखरू आहे. पण इथून पुढे मिशांचा उपयोग नाही, कारण प्लेन टायगर आणि एगफ्लाय दोघांच्याही मिशा अशाच असतात.

दोन वेगळ्या उपकुळांतली फुलपाखरं इतकी सारखी का, याचं उत्तर रुईच्या झुडपात आहे. प्लेन टायगरच्या अळ्या रुईची पानं खातात. रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं त्यांच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरातही उतरतात. असं फुलपाखरू एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या अळ्या मात्र घोळीच्या भाजीवर वाढतात, त्यामुळे त्यांच्याकडे हे विष नाही. मादी प्लेन टायगरचा रंग घेऊन त्या दहशतीचा फायदा उठवते. नर मात्र अगदी वेगळा दिसतो. त्याच्या काळ्या पंखांवर मोठे पांढरे डाग असतात आणि त्या डागांच्या कडेला जांभळी-निळी झाक असते. म्हणून गोंधळ होतो तो फक्त मादीच्या बाबतीत.

ही नक्कल लांबून पाहणाऱ्याला फसवण्यापुरती आहे. नारिंगी रंग, काळं टोक, पांढरा पट्टा एवढं जमलं की काम भागतं. बारकावे मात्र जसेच्या तसे उतरलेले नाहीत, आणि ते शोधायची जागा म्हणजे मागचा पंख.

प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीला तीन आणि नराला चार. नराचा जास्तीचा चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधग्रंथी. मादीला रिझवण्यासाठी लागणारा गंध तिथे असतो. त्यामुळे चांगल्या फोटोत फुलपाखराची जात तर कळतेच, शिवाय नर की मादी हेही सांगता येतं. एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखाचा मध्यभाग कोराच असतो. तिचा एकच काळा ठिपका असतो, तोही मागच्या पंखाच्या अगदी वरच्या कडेला.

इथे एक अडचण येते. पंख पसरून बसलेल्या फुलपाखराच्या पुढच्या पंखाची खालची कड मागच्या पंखाच्या वरच्या कडेवर येते. एगफ्लायचा तो एकुलता ठिपका नेमका तिथेच असतो, त्यामुळे तो अर्धवट किंवा पूर्ण झाकला जातो. म्हणून 'एक ठिपका दिसतोय का' असं शोधत बसू नये. 'मध्यभागी ठिपके आहेत का' हा प्रश्न विचारावा. प्लेन टायगरचा एखादा ठिपका झाकला गेला तरी बाकीचे उघडे राहतातच.

दुसरी खूण मागच्या पंखाच्या बाहेरच्या कडेची. प्लेन टायगरची कड गोलाईदार, सलग असते आणि तिच्या काळ्या किनारीत पांढरे ठिपके ओळीने मांडलेले असतात. एगफ्लायच्या मादीची कड किंचित नागमोडी असते आणि किनारीत बारीक पांढऱ्या चंद्रकोरींच्या जोड्या दिसतात.

आता एक फोटो प्रत्यक्ष वाचून पाहू. समजा, झेंडूवर पंख पसरून बसलेलं नारिंगी फुलपाखरू वरून टिपलं आहे. उजव्या मागच्या पंखाचा बाहेरचा तुकडा उडालेला आहे, बहुधा पक्ष्याची चोच लागली असावी. पुढच्या पंखांचं टोक आणि पट्टा झकास आला आहे, पण दोघांतही तो सारखाच असल्याने त्यावरून निर्णय होत नाही. उजवी कड फाटलेली असल्याने तिच्या नागमोडीवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून डावा पंख पाहायचा. तिथे मध्यभाग स्वच्छ नारिंगी आहे, एकही ठिपका नाही. कड किंचित नागमोडी आहे आणि किनारीत जोडीजोडीने बारीक पांढऱ्या कोरी आहेत. दोन वेगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणजे ही एगफ्लायची मादी. ठिपक्यांच्या जागी नुसती झीज झालेली असती, तर कडेवरच्या कोरींनी ते उघडं पाडलं असतं.

रंगावरून निर्णय घेऊ नये याची कारणं या जोडीतच दिसतात. आफ्रिकेत प्लेन टायगरची काही रूपं अशी आहेत की त्यांच्या पुढच्या पंखाला काळं टोक आणि पांढरा पट्टाच नसतो, तर काहींचा मागचा पंख पांढरा असतो. एगफ्लायच्या माद्यांमध्येही या रूपांची नक्कल करणारी रूपं सापडतात. त्याशिवाय पंखांवरचे खवले उडत गेले की नारिंगी रंग फिका पडतो, आणि सावलीत किंवा मोबाइलच्या फिल्टरमध्ये तो पार बदलतो. ठिपक्यांची जागा आणि कडेचा आकार मात्र प्रकाशाने बदलत नाहीत.

म्हणून फोटो काढतानाच मागचे पंख विसरू नयेत. पंख पसरलेले असताना वरून एक आणि मिटलेले असताना बाजूने एक, असे दोन फोटो मिळाले तर उत्तम. बाजूने काढताना कॅमेरा पंखाला समांतर धरावा, नाहीतर अर्धा पंखच स्पष्ट येतो. प्लेन टायगरचे ठिपके खालच्या बाजूनेही पांढऱ्या किनारीसकट दिसतात. फुलपाखरू अंडी घालत असेल तर झाडही फोटोत येऊ द्यावं. पानावर शेपूट टेकवलेली मादी रुईवर असेल तर कौल प्लेन टायगरकडे झुकतो, घोळीवर असेल तर एगफ्लायकडे. फुलातला मध पिणाऱ्या फुलपाखराच्या बाबतीत मात्र या खुणेला अर्थ नाही, कारण मध दोघंही कुठल्याही फुलाचा पितात.

आणि मागचा पंख पुढच्या पंखाआड पूर्ण दडलेला असेल, मिटलेल्या पंखांचा फोटो नसेल आणि झाडही कळत नसेल, तर नोंदीत 'प्लेन टायगर किंवा डॅनाइड एगफ्लायची मादी' एवढंच लिहावं. नुसत्या पुढच्या पंखावरून या दोघांत निवड करणं म्हणजे नकलेला फसणाऱ्या पक्ष्याइतकंच पाहणं.