विमानात लोणच्याची बरणी का गळते? गावाकडचा खाऊ नेण्याआधी हे वाचा

रत्नागिरीहून आणलेलं किलोभर कैरीचं लोणचं बेंगळुरूला लेकीकडे पोहोचवायचं आहे. रेल्वेने गेलं तर बहुतेक वेळा बरणी कोरडी राहते. तीच बरणी विमानाने गेली की कपड्यांवर तेलाचे डाग पडतात. झाकण तर दोन्ही वेळा घट्टच लावलेलं असतं.

कारण आहे बरणीत अडकलेली हवा. विमान उंचावर असताना आतला दाब जमिनीवरच्या दाबाच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. सामानाच्या कप्प्यातही तसंच होतं. बरणीतली हवा मात्र घरच्याच दाबाची असते, त्यामुळे ती बाहेर पडायला बघते. बरणी उभी असेल तर फक्त हवा निसटते. बॅग आडवी पडली की झाकणापाशी तेल येतं आणि हवा त्यालाच बाहेर ढकलते. रेल्वेत उन्हाने डबा १५ अंशांनी तापला तरी दाब जेमतेम पाच टक्के वाढतो. तिथे खरा त्रास धक्क्यांचा आणि आडव्या ठेवलेल्या पिशवीचा.

म्हणून बरणी जवळजवळ काठोकाठ भरावी. हवा कमी, तर ढकलणारं बळही कमी. वर तरंगणारं जास्तीचं तेल घरीच काढून ठेवावं. पोहोचल्यावर तेल गरम करून, पूर्ण गार झालं की वर घालता येतं. नुकतंच घातलेलं लोणचं नेऊ नये. कैरीला पाणी सुटत असतं, कधी आंबून वायूही तयार होतो.

झाकणाची परीक्षा आधी घ्यावी. रिकामी बरणी घट्ट बंद करून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरावी. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर ती बरणी प्रवासाला नको. भरल्यावर तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद, वर झाकण, मग झाकण घट्ट होतं त्याच दिशेने चिकटपट्टी. बरणी हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत, भोवती वर्तमानपत्र, बाहेरून आणखी एक पिशवी आणि हे सगळं स्टीलच्या डब्यात. डबा बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांत रुतवून. कडेला ठेवला तर आपटणार हे नक्की.

मिरचीचं लोणचं केबिन बॅगेत चालत नाही. इतर लोणच्यांबाबतही तपासणीवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याचा शब्द अखेरचा, त्यामुळे बरणी चेक-इन सामानातच द्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमधल्या द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा आहेच. कोकणातून येणाऱ्यांची फसगत होते ती सुक्या खोबऱ्यावरून. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि चेक-इन बॅगेतूनही काढून घेतलं जातं. वाट्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला ४० किलो सामान मोफत नेता येतं. डबा बर्थखाली उभा ठेवायचा आणि शेजाऱ्याच्या बॅगेने तो आडवा होत नाही ना, एवढं अधूनमधून बघायचं.